तीन गोष्टी आणि एक जाता जाता

"वाचणाऱ्याले मागं फिरता येते," असं खुशालराव म्हणत. बातमीतलं वाक्य फार लांब झालं असं कोणी बोललं, की चष्मा कपाळावर सरकवून ते एवढंच म्हणत आणि पुढचं तेवढंच लांब वाक्य लिहायला घेत. वाचणारा अडला, तर त्याने वाक्याच्या तोंडाशी परत जावं, पुन्हा निघावं. रस्ता लांब असेल तर माणूस दोनदा चालतो, त्यात रस्त्याचा काय दोष.

आमचं गाव वलगावच्या पुढे, पेढी नदीच्या अंगाला. जमीन काळी, आणि नदीकाठची तर अशी की सांभार, म्हणजे कोथिंबीर, टाकला तर विसाव्या दिवशी हिरवा गालिचा. गावाची निम्मी घरं भाजीवर, काही झेंडूवर, काही संत्र्यावर. आणि एक घर बातमीवर. सव्वीस वर्षं खुशालराव अमरावतीच्या एका दैनिकाचे वार्ताहर होते. शेती होती, ती धाकटा भाऊ बघायचा. खुशालराव वाक्यं बघायचे.

त्यांचं वाक्य म्हणजे लग्नाची वरात. पुढे ग्रामपंचायत चालायची, मागून तारीख, मग वेळ, मग 'असून', मग 'असले तरी', आणि सगळ्यात शेवटी, नवरदेवासारखं घोड्यावर, 'असे त्यांनी सदर प्रतिनिधीशी बोलताना सांगितले.' हा सदर प्रतिनिधी म्हणजे ते स्वतः. संपादकांनी एकदा असं वाक्य दोन तुकडे करून छापलं, तेव्हा खुशालरावांनी आठवडाभर बातमी पाठवली नाही. आठवड्याने पाठवली ती एकाच वाक्याची होती.

फेब्रुवारीत गावात मोठी गोष्ट घडायची होती. आठवडी बाजारात आजवर भाजीवाल्या बाया मातीत पोतं अंथरून बसत. आता ग्रामपंचायतीने तिथे सिमेंटचे पक्के ओटे बांधले होते आणि ते वाटायचे होते. खुशालरावांनी ती बातमी दिली आणि रविवारच्या अंकात ती चौकटीत आली. तिचं पहिलं आणि शेवटचं वाक्य हे:

'ग्रामपंचायतीने आठवडी बाजारात नव्याने बांधलेल्या सत्त्याऐंशी ओट्यांचे वाटप बुधवार, ता. १२ रोजी स. ११ वा. जुन्या बैठकीच्या पावतीच्या आधारे करण्यात येणार असून भाजी, फळे व फुले विक्रेत्यांना अनुक्रमे पूर्व, दक्षिण व उत्तर बाजूचे ओटे देण्यात येणार असले तरी ज्यांच्या पावत्या मयत व्यक्तींच्या नावे आहेत अशा वारसांनी तत्पूर्वी मंगळवारी सायं. ५ पर्यंत मृत्यूच्या दाखल्यासह कार्यालयात स्वतः हजर राहून नोंद न केल्यास त्यांचा हक्क ग्राह्य धरला जाणार नाही, असे ग्रामसेवक नितेश काळमेघ यांनी सदर प्रतिनिधीशी बोलताना सांगितले.'

बातमीत चूक काहीच नव्हती. ज्यांना ती हवी होती त्यांतल्या बहुतेकींना वाचता येत नव्हतं, एवढंच.

दुर्गाबाई त्यांतल्याच. बाजाराच्या चिंचेखाली त्या तीस वर्षं सांभार आणि पालक विकत होत्या. जागेची, म्हणजे बैठकीची, पावती नवऱ्याच्या, चंद्रभानच्या नावावर. चंद्रभान खुशालरावांचा दोस्त, आणि तो चार वर्षांपूर्वी वारला. म्हणजे वाक्याच्या पोटातला तो 'असले तरी'नंतरचा भाग दुर्गाबाईंसाठी होता. मंगळवारी त्या गेल्या नाहीत, तर तीस वर्षांची जागा दुसऱ्या कोणाची होणार होती.

रविवारी दुपारी प्रतीक्षा आली. ही भातकुलीकडची पोरगी, दैनिकात नवी. दैनिकाने फोनवर ऐकायच्या बातम्या सुरू केल्या होत्या, 'कानोसा' नावाच्या. रोज सकाळी पाच मिनिटांचा भाग फोनवर यायचा. प्रतीक्षा त्याला पॉडकास्ट म्हणायची, गाव फोनवरचा रेडिओ म्हणायचं. जुड्या बांधताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात, म्हणून बायांना तो आवडला होता. चंदा, दुर्गाबाईंची सून, आपला फोन लिंबाच्या फांदीला पिशवीत टांगायची आणि सगळं वावर ऐकायचं.

"काका, ओट्यांची बातमी उद्या सकाळी ऐकवायची हाय. तुमीच लिहून द्या."

"छापली ना. तीच वाच."

"तुमी वाचा बरं एकदा. मोठ्यानं."

खुशालरावांनी पेपर घेतला, घसा साफ केला आणि चालू केलं. 'अनुक्रमे'पर्यंत आवाज मंदिरातल्या पुराणिकासारखा होता. 'असले तरी'ला दम लागला. 'तत्पूर्वी'ला त्यांनी थांबून पाणी मागितलं.

"जिथं तुमचा दम तुटला ना काका, तिथं पूर्णविराम द्या."

"तीन ठिकाणी तुटला."

"मंग तीन द्या."

"अवं, पण वाचणाऱ्याले..."

"ऐकणाऱ्याले मागं फिरता येत नाही," प्रतीक्षा म्हणाली. "त्याच्या हातात जुडी हाय. एक वाक्य सुटलं की सुटलं."

संपादकांनी एकदा तोडलं तेवढं सोडलं, तर सव्वीस वर्षांत खुशालरावांचं वाक्य अर्ध्यातून कोणी तोडलं नव्हतं, आणि इथे तर बोललेलंही तोडलं गेलं.

मग कापणी सुरू झाली. प्रतीक्षा म्हणाली, कोण सांगतो ते आधी सांगा. छापलेल्या बातमीत ग्रामसेवकाचं नाव शेवटी चालतं, कानाला ते आधी लागतं, नाहीतर कोण हुकूम देतोय ते कळत नाही. मग 'ता.', 'स.', 'वा.' सगळे गेले, कारण ते वाचायचे कसे हे खुद्द खुशालरावांनाच सांगता येईना. सत्त्याऐंशीचं जवळपास नव्वद झालं. 'मयत'चा वारलेला माणूस झाला. 'अनुक्रमे'वर मात्र लढाई झाली.

"हा शब्द सोन्याचा हाय," खुशालराव म्हणाले. "एका शब्दात सहा गोष्टी बसवते."

"त्या सहाही ऐकणाऱ्यानं डोक्यात धरायच्या, तीन इकडं, तीन तिकडं, अन् मंग जोड्या लावायच्या. सांभाराच्या जुड्या लावता लावता."

"मंग काय करू?"

"भाजीवाले नदीकडं. फळवाले शाळेकडं. फुलवाले देवळाकडं. झालं."

खुशालरावांनी 'अनुक्रमे' स्वतःच्या हाताने खोडला. खोडताना एकच रेघ मारली, खालचा शब्द दिसेल अशी.

"आता पाट्या लावा," प्रतीक्षा म्हणाली. "रस्त्यावर असते ना पाटी, वलगाव इतके किलोमीटर? तशी. किती गोष्टी सांगणार ते आधी सांगायचं. मंग पहिली, दुसरी, असं करत जायचं. शेवटी उजळणी."

ही पाटीची गोष्ट खुशालरावांना पटली. पटली म्हणजे इतकी की त्यांनी कागद तिच्यापासून ओढून घेतला. एकेका ओळीवर एकेक वाक्य, मोठ्या अक्षरात, जिथे थांबायचं तिथे तिरपी रेघ. अर्ध्या तासात मसुदा तयार झाला:

'नमस्कार. आज ओट्यांची बातमी. ग्रामसेवक नितेश काळमेघ सांगतात, ओटे बुधवारी वाटणार. ओटे जवळपास नव्वद आहेत. आता तीन गोष्टी सांगते. तिन्ही लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट, वेळ. बुधवारी सकाळी अकरा वाजता बाजारात या.

दुसरी गोष्ट, कागद. जुन्या बैठकीची पावती आणा. पावती नाही, तर ओटा नाही.

तिसरी गोष्ट, जागा. भाजीवाले नदीकडे. फळवाले शाळेकडे. फुलवाले देवळाकडे.

पुन्हा एकदा. बुधवारी अकराला. पावती घेऊन. आपापल्या बाजूला.

आणि जाता जाता. पावती वारलेल्या माणसाच्या नावावर असेल, तर मंगळवारीच ग्रामपंचायतीत या. संध्याकाळी पाचच्या आत. मृत्यूचा दाखला आणा. स्वतः या. नाहीतर हक्क जाईल.'

प्रतीक्षाने वाचलं आणि पेन तोंडात धरलं.

"काका, तीन म्हणालात अन् चार सांगून राहिले."

"तीन सगळ्याईसाठी. चौथी काही जणाईसाठी. म्हणून वेगळी काढली. मूळ बातमीत ते शेवटीच हाय."

"उजळणी झाल्यावर?"

"जाता जाता म्हटलं ना. 'जाता जाता'ले एक लज्जत असते, पोरी. माणूस थांबून ऐकते."

प्रतीक्षाला ते खटकलं होतं, असं ती नंतर म्हणाली. पण सहा वाजता तिला अमरावतीत आवाज भरायचा होता, आणि ज्या माणसाने आज सव्वीस वर्षांची वाक्यं कापू दिली त्याच्याकडून आणखी काय मागायचं, असंही तिला वाटलं. ती कागद घेऊन गेली.

सोमवारी सकाळी गावाने बातमी ऐकली आणि गाव खूश झालं. चहाच्या टपरीवर शेषराव संत्रेवाला बोटं मोजत म्हणाला, "बुधवार, अकरा. पावती. शाळेकडं. पहिल्यांदा कोणीतरी समजेल असं सांगितलं." मसुदा कोणाचा हे खुशालराव आडून आडून सुचवत होते. शेषरावाचा विश्वास बसत नव्हता.

संध्याकाळी खुशालराव मुद्दाम नदीच्या अंगाने फिरायला निघाले. दुर्गाबाई मोटारीच्या पाण्यात पालक धूत होत्या.

"वहिनी, ऐकलं का सकाळचं?"

"ऐकलं ना, भाऊजी. बुधवारी अकराले जायचं. पावती न्यायची. आमी नदीकडं." त्यांनी तीन ओली बोटं दाखवली. "असं साफ सांगितलं पोरीनं, का काही विचारायचं कामच नाही उरलं."

खुशालरावांना त्या तीन बोटांत आपली तिन्ही वाक्यं उभी दिसली. शब्दाला शब्द. इतका आनंद त्यांना चौकटीत नाव आल्यावरही झाला नव्हता. समोरच्या बाईचा नवरा वारला आहे, तिच्यासाठी चौथी गोष्ट होती आणि ती तिच्या बोटांवर नाही, हे त्या आनंदात त्यांच्या ध्यानात आलं नाही. ते म्हणाले, "लिहिलं मीच होतं." दुर्गाबाई म्हणाल्या, "असं?" आणि पालक धुवायला लागल्या.

घडलं होतं साधंच. उजळणी संपून 'जाता जाता' आलं तशी चंदाने बोट फिरवून फोन बंद केला होता. तीन सांगते म्हटलं, तीन झाल्या, पुन्हा सांगितल्या, वरून 'जाता जाता' म्हणाली. जाणाऱ्याला कोण अडवतो. पाटी इतकी चांगली लागली होती की लोक पाटीवर लिहिलेल्या गावालाच उतरले.

आणि बुधवारपर्यंत काही काम नाही असं पक्कं कळल्यामुळे दुर्गाबाई मंगळवारी पहाटेच्या गाडीने लेकीकडे अकोल्याला गेल्या. नातवंडाचं जावळ काढायचं होतं.

मंगळवारी दुपारी दोनला खुशालराव ग्रामपंचायतीत गेले. किती वारस आले, ती संख्या त्यांना पुढच्या बातमीला हवी होती. नितेश काळमेघ रजिस्टर उघडं टाकून फोनमध्ये डोकं घालून बसला होता. रजिस्टरवर एकच सही होती.

"आठ जण हायेत यादीत, काका. एक आला. तोही पेपर वाचून."

"बाकीचे?"

"लोकाईले गरज नसन."

खुशालरावांनी यादी हातात घेतली. सहाव्या ओळीवर चंद्रभानचं नाव होतं. ते पाहून त्यांना तीन ओली बोटं दिसली. या वेळी त्यांनी ती मोजली.

चंदाला फोन केला तर ती म्हणाली, "सासूबाई तं अकोल्याले गेल्या ना, मामाजी. काहून?" तिला कारण सांगून ते पुढचं न ऐकता प्रतीक्षाला फोन लावायला लागले. प्रतीक्षा म्हणाली, "एक मिनिटाचं लिहा, काका. तुमच्याच आवाजात फोनवर बोलून पाठवा. मी लगेच लावते. कोणासाठी हाय ते सगळ्यात आधी."

लिहायला कागद नव्हता. नितेशच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर त्यांनी पाच मिनिटांत लिहिलं आणि ग्रामपंचायतीच्या पायरीवर उभं राहून फोनमध्ये वाचलं:

'पावती वारलेल्या माणसाच्या नावावर आहे का? मग ही बातमी तुमच्यासाठी आहे. बाकीच्यांनी नाही ऐकली तरी चालेल. एकच गोष्ट सांगतो. आजच ग्रामपंचायतीत या. पाचच्या आत या. स्वतः या. पावती आणा. मृत्यूचा दाखला आणा. नाही आलात, तर ओटा जाईल. पुन्हा सांगतो. पावती वारलेल्या माणसाच्या नावावर असेल, तर आजच या. पाचच्या आत.'

पावणेतीनला ते फोनांवर गेलं. साडेतीनपासून माणसं यायला लागली. कोणाच्या हाताला चिखल, कोणाच्या डोक्यावर तसंच टोपलं. साडेचारला रजिस्टरवर सात सह्या झाल्या.

अकोल्यात लेकीच्या फोनवर दुर्गाबाईंनीही ते ऐकलं होतं, आणि ताटावरून उठून त्या स्टँडवर गेल्या होत्या. पण अकोला ते आमचं गाव हे अंतर वाक्य छोटं केल्याने कमी होत नाही. गाडी मूर्तिजापूरलाच होती तेव्हा पाच वाजले.

"नितेश, रजिस्टर राहू दे थोडं उघडं," खुशालराव म्हणाले.

"कसं ठेवू, काका? पाचपर्यंत म्हणून पेपरात आलं. तुमीच लिहिलं." त्याने आजच्या सह्यांखाली रेघ ओढली आणि तारीख टाकली. पोराचं चुकत नव्हतं.

दुर्गाबाई सव्वासहाला आल्या तेव्हा कुलूप लागलं होतं. खुशालराव पायरीवर बसून होते.

"भाऊजी, चूक झाली का माही काही? तीनच म्हणाली होती ना ते पोरगी?"

"तीनच म्हणाली होती," खुशालराव म्हणाले. आणखी काही सांगायला तोंड उघडलं, पण जे निघणार होतं ते लांब होतं. म्हणून ते थांबले.

बुधवारी अकराला बाजारात सगळं गाव होतं. सरपंच माणिकबाई टेबलामागे, बाजूला सदस्य, नितेश नावं पुकारत होता. प्रतीक्षा आवाज भरायला आली होती. चंद्रभानचं नाव आलं तेव्हा नितेश म्हणाला, "नोंद नाही," आणि पुढच्या नावाकडे वळणार इतक्यात खुशालरावांनी टेबलावर एक कागद ठेवला.

रात्रभर त्यांनी त्या अर्जाची चार पानं फाडली होती, हे त्यांच्या घरच्यांनी नंतर सांगितलं. पहिल्या पानावरचं वाक्य 'महोदया, उपरोक्त विषयान्वये' असं निघून पानाच्या तळापर्यंत पोचलं होतं.

माणिकबाई चौथी शिकलेल्या. सरकारी कागद आला की त्या तो नितेशकडे सरकवत. हा त्यांनी हातात धरला, ओठ हलवले आणि काय वाटलं कोण जाणे, मोठ्याने वाचायलाच लागल्या:

"दुर्गाबाई मंगळवारी आल्या नाहीत. त्यांना निरोप कळला नाही. निरोप मी लिहिला होता. मी तीन गोष्टी सांगतो म्हणालो. मी चार सांगितल्या. चौथी त्यांची होती. ती मी शेवटी टाकली. ती आधी टाकायला पाहिजे होती. चूक त्यांची नाही. चूक माझी आहे. त्यांची जागा त्यांना द्यावी. खुशालराव."

अडखळल्या नाहीत कुठेच. कागद खाली ठेवून त्या म्हणाल्या, "हे सगळं समजलं मले."

शेषराव गर्दीतून बोलला, "आमालेही समजलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा."

लोक हसले. खुशालरावांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा खाली घेतला.

माणिकबाई सदस्यांकडे वळल्या. "वाटप आज हाय. बाई हजर हाय. पावती हाय, दाखला हाय. निरोपच उलटा गेला तं तिनं काय करावं? कोणाले हरकत असन तं सांगा." कोणी बोललं नाही. चिंचेजवळचा ओटा मागणारे दोघे होते, तेही गप्प राहिले, कारण सगळ्यांदेखत तेवढं साफ ऐकल्यावर न समजल्यासारखं करता येत नव्हतं. माणिकबाईंनी नितेशला ठराव लिहायला सांगितला. नितेशने एकाच वाक्यात लिहिला. ते अकरा ओळींचं होतं.

नदीकडचा चौदावा, चिंचेजवळचा ओटा दुर्गाबाईंना मिळाला. त्यांनी पदराने सिमेंट पुसलं आणि सोबत आणलेला सांभार लगेच मांडला. आज नुसते ओटे वाटायचे होते, बाजार शुक्रवारी होता, तरी मांडला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "लोकं म्हणत, खुशालराव लय भारी लिहिते. तुमाले बोलता बी येते, हे मले माहीत नव्हतं."

खुशालराव म्हणाले, "मलेही नव्हतं."

प्रतीक्षाने विचारलं, "काका, हा अर्ज वाचलेला आवाज उद्याच्या भागात घेऊ का? सुरुवातीलेच घेईन."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. नाव तर येणारच होतं, सव्वीस वर्षांत आलं नाही इतक्या कानांवर, आणि चुकीसकट. "घे," ते म्हणाले. "पण सदर प्रतिनिधी म्हणू नको. नावच घे."

मग दुर्गाबाईंनी एक जुडी पुढे केली, ती काखेतल्या पिशवीत टाकून ते निघाले. फुलवाल्यांच्या ओट्यांच्या बाजूने, देवळावरून, नदीच्या उताराकडे, हळूहळू. चालताना ओठ हलत होते. काय म्हणत होते ते इतक्या लांबून ऐकू येण्यासारखं नव्हतं. दुर्गाबाई सांभारावर पाणी शिंपायचं थांबवून बघत राहिल्या. प्रतीक्षा फोन हातात धरून बघत राहिली. आणि ते उतारावर दिसेनासे झाले तेव्हा दुर्गाबाई म्हणाल्या, "एकदाही मागं पाहिलं नाही माणसानं," आणि पुन्हा पाणी शिंपायला लागल्या.